बुटाचं माप आणि बॅगेतली जागा



आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकीचं कुणी ना कुणी परदेशात आहे. त्यामुळे "येताना एवढं घेऊन ये गं" हा निरोप आपल्या घरांतून वर्षातून दोन-तीनदा तरी जातोच. हा निरोप नीट कसा लिहावा, यावर मला आज थोडं लिहायचं आहे. माझ्या हाताशी ताजं उदाहरण आहे, तेच सांगते.

आमच्या यांना मधुमेह होऊन बावीस वर्षं झाली. तळपायांची जाणीव आता खूप कमी झाली आहे. डॉक्टरांनी बजावलं आहे की घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही आणि बूट पुढून इतका रुंद हवा की कुठल्याही बोटाला घासता कामा नये. खडा टोचला किंवा शिवण घासली तरी यांना कळत नाही, आणि न कळलेली जखमच पुढे महागात पडते. यांचे पाय मुळातच रुंद, त्यात संध्याकाळी सूज. आमच्या घरात चामडं येत नाही. सांगलीतल्या दुकानांत पुरेसा रुंद बूट मिळाला तर तो चामड्याचा, आणि कापडी किंवा रेक्झिनचा मिळाला तर एकाच रुंदीचा. एक नंबर मोठा घेतला की टाच आत-बाहेर होते आणि तिथे फोड येतो.

अमेरिकेत बुटाला लांबीचा नंबर असतो तसा रुंदीचाही वेगळा असतो. पुरुषांच्या बुटांत साधी रुंदी डी, रुंद म्हणजे टू-ई आणि त्याहून रुंद म्हणजे फोर-ई. बायकांच्या बुटांत साधी रुंदी बी, रुंद डी आणि जास्त रुंद टू-ई. म्हणजे डी हे अक्षर पुरुषांना साधं आणि आपल्याला रुंद. नुसतं "रुंद बूट आण" लिहिलं तर समोरच्याला काहीच कळत नाही. लांबीच्या नंबरातही फरक आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी इंग्लंडचा नंबर चालतो. पुरुषांच्या बुटात आपला आठ म्हणजे अमेरिकेचा साधारण नऊ. शिवाय प्रत्येक कंपनीचा साचा थोडा वेगळा. म्हणून नंबरावर विसंबू नये, पाय मोजून सेंटिमीटर कळवावेत.

मोजायचं संध्याकाळी, सूज असताना, आणि जे मोजे घालणार ते घालूनच. कोरा कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवायचा, टाच भिंतीला लावून दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभं राहायचं. बसून मोजलं तर पाय पसरत नाही आणि माप कमी येतं. पेन्सिल अगदी सरळ उभी धरून कड काढायची. तिरकी धरली की अर्धा सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतो. यांचा उजवा पाय 26.5 भरला आणि डावा 26.9. रुंदी बोटांच्या मुळाशी, जिथे पाय सगळ्यांत रुंद असतो तिथे, डाव्याची 11.2. मोठ्या पायाचं माप धरायचं.

माझी भाची न्यू जर्सीत असते आणि दिवाळीला मुलांना घेऊन येणार होती. तिला निरोप पाठवला तो सहा आठवडे आधी, आणि फक्त तिला. कुटुंबाच्या ग्रुपवर असं काही मागू नये असं माझं ठाम मत आहे. एकीनं मागितलं की खालोखाल "मग मलाही एक" सुरू होतं, आणि सगळ्यांसमोर त्या मुलीला नाही म्हणता येत नाही. दुसरं म्हणजे, "बॅगेत जागा आहे का गं?" असं आधी विचारायचं नाही. मावशीनं विचारल्यावर कुठली भाची नाही म्हणेल? ती हो म्हणते, आणि मग वस्तू काय ते कळतं. आमच्या ओळखीच्या एका बाईंनी "छोटीशी वस्तू" म्हणून कबूल करून घेतलं, आणि प्रत्यक्षात साडेतीन किलोचं काचेचं भांडं निघालं. त्या मुलीनं स्वतःच्या बाळाचे कपडे काढून ते आणलं. म्हणून आधी वजन सांगायचं आणि मग विचारायचं. मी लिहिलेला निरोप असा होता:

"चि. बाळ, जय जिनेंद्र. काकांसाठी चालायच्या बुटांचा एक जोड हवा आहे. अमेरिकन पुरुषांचा नंबर नऊ, रुंदी फोर-ई. पायाची मापं आणि कागदाचा फोटो सोबत आहे. चामडं कुठेही नको, सुएड आणि नुबक हेही चामडंच, ते नको. वस्तूच्या माहितीत सिंथेटिक किंवा कापड लिहिलेलं हवं. रंग कोणताही. किंमत शंभर डॉलरच्या आत, त्याच्या वर असेल तर घेऊ नकोस. खोका तिथेच टाकून दे. खोक्याशिवाय जोड साधारण पाऊण ते एक किलो भरेल आणि पिशवीत बत्तीस बाय वीस बाय अकरा सेंटिमीटर जागा घेईल. एक किलोच्या वर गेला तर आणू नकोस. तुझी बॅग भरत आली असेल तर मोकळेपणानं नाही सांग, आपण पोस्टाचं बघू. पैसे तू घेशील त्या दिवशीच्या दरानं तुझ्या एनआरओ खात्यात भरते. या रविवारपर्यंत हो किंवा नाही कळव."

यातलं एकेक वाक्य कशासाठी आहे ते सांगते. विमानात नेहमीच्या तिकिटावर एका बॅगेला 23 किलोची मर्यादा असते. घरून निघताना ती बॅग साडेबावीसवर आलेली असते, त्यामुळे आपला एक किलो म्हणजे तिच्या कुठल्या तरी एक किलोला सुट्टी. बूट तसे हलके, पण जागा फार खातात. भाचीनं दोन्ही बुटांत मुलांचे मोजे आणि छोटे डबे भरले, म्हणजे आतली पोकळी वाया गेली नाही. सहा आठवडे आधी लिहायचं कारण परतीची मुदत. मागवलेला बूट तिच्या घरी येईल, ती पट्टीनं आतलं माप बघेल, चुकलं असेल तर परत करून दुसरा मागवेल. सांगलीत पोचल्यावर तो परत करणं शक्य नाही. आणि तसंच झालं. पहिल्या जोडाची माहिती वाचताना सिंथेटिक दिसत होतं, पण हातात आल्यावर पुढच्या पट्टीवर सुएड निघालं. तिनं तो परत केला, आणि दुसरा यायला नऊ दिवस लागले.

ती नाही म्हणाली असती तर पोस्ट किंवा कुरिअर. त्याचाही हिशेब मी करून ठेवला होता. कुरिअरवाले प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांतलं जे जास्त असेल त्याचे पैसे घेतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी 5000 नं भागायचं. बुटाचा खोका 34 बाय 22 बाय 13 धरला तर 9724 येतात, म्हणजे 1.94 किलो. खऱ्या वजनात तो सव्वा किलोच्या आत. अर्ध्या-अर्ध्या किलोच्या टप्प्यानं दर धरला तर दोन किलोचे पैसे. खोका काढून पिशवीत 32 बाय 20 बाय 11 बसवला तर 7040, म्हणजे 1.41, आणि दर दीड किलोचा. खोका टाक म्हटलं ते एवढ्यासाठीही.

कुरिअर किंवा पोस्टानं आलेल्या वस्तूवर "भेट" लिहिलं की कर लागत नाही, असं अजून पुष्कळजणी धरून चालतात. डिसेंबर 2019 पासून ती सवलत गेली. राखी आणि जीवरक्षक औषधं सोडली तर भेट म्हणून आलेल्या वस्तूवरही पूर्ण सीमाशुल्क भरावं लागतं, आणि ते घेणाऱ्यानं, म्हणजे आपण. प्रवाशाच्या सामानाचे नियम वेगळे. तिथे ठरावीक किमतीपर्यंत सामान करमुक्त असतं. म्हणून एका बुटाच्या जोडासाठी येणारं माणूस असेल तर पोस्टाच्या वाटेला जाऊ नये. पाठवायचंच झालं तर पाकिटावर किंमत खरीच लिहायला सांगावी. दहा डॉलर लिही, असं भाचीला सांगणं म्हणजे आपल्यासाठी तिला सहीनिशी खोटं बोलायला लावणं. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम आहे, तो आपण स्वाध्यायात दरवर्षी वाचतो.

आता पैसे. बूट 89 डॉलरला पडला. न्यू जर्सीत कपडे आणि पादत्राणांवर विक्रीकर नाही, पण बऱ्याच राज्यांत असतो आणि तो छापील किमतीत धरलेला नसतो. म्हणून संकेतस्थळावर दिसणारी किंमत न धरता पावतीवरची शेवटची रक्कम धरायची. दर 85 रुपये धरला तर 7,565 रुपये. हे पैसे कुठल्या खात्यात भरायचे याचा घोळ फार होतो. अनिवासी भारतीयांची दोन तऱ्हेची रुपया खाती असतात. एनआरई खात्यात मुळात परदेशातून आलेला पैसा जमा होतो, आपल्या इथल्या बचत खात्यातले रुपये त्यात भरता येत नाहीत. एनआरओ खात्यात भरता येतात. म्हणून खाते क्रमांक मागताना "एनआरओ चा दे" असं शब्दांत लिहावं.

भाची अर्थात म्हणाली, "मावशी, काकांच्या बुटाचे पैसे कसले घ्यायचे!" हे ती म्हणणार हे मला ठाऊकच होतं. मी तिला एवढंच म्हटलं, "बाळ, हे पैसे घेतलेस तर पुढच्या वर्षी दुसरा जोड मला मागता येईल. नाहीतर यांना तसंच चालावं लागेल." असे बूट रोज वापरले तर वर्षभरात आतलं फोम बसतं आणि दुसरा जोड लागतोच. तिनं खाते क्रमांक पाठवला. मी त्याच दिवशी पैसे भरून पावतीचा फोटो टाकला. तिचा पैसा तिच्याकडे परत गेल्यावर तिनं आणलेली बदामांची मोठी पिशवी मात्र मी मुकाट्यानं घेतली, ती तिची भेट.

बूट आल्यावर पहिल्या दिवशी हे वीस मिनिटंच घालून बसले. मग बूट-मोजे काढून मी खिडकीच्या उजेडात दोन्ही पाय सगळीकडून पाहिले, लाली कुठे उठली आहे का. डाव्या करंगळीशी थोडी होती, ती दहा मिनिटांत गेली. दुसऱ्या दिवशी चाळीस मिनिटं, तिसऱ्या दिवशी तासभर. लाली अर्ध्या तासानंतरही राहिली असती तर बूट कितीही महागाचा असला तरी बाजूला ठेवला असता.

मापाच्या कागदावर तारीख टाकून तो मी कपाटात ठेवला आहे. पण पुढच्या वर्षी भाचीला लिहिण्याआधी पाय पुन्हा मोजणार, कारण सूज आणि औषधं बदलली की मापही बदलतं.