हं, आणि पुढचे सहा सेकंद

एका तासाची मुलाखत कागदावर उतरवायला चार ते सहा तास लागतात, असं या कामात नव्याने येणाऱ्याला सुरुवातीलाच सांगितलं जातं. शांत खोलीत, एकाच माणसाशी, प्रमाण मराठीत झालेल्या बोलण्याचा तो हिशेब आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या मुलाखती ओसरीवर होतात. मागे भांडी वाजत असतात, शेळी ओरडत असते, आणि उत्तर देणारीच्या शेजारी कुणी ना कुणी बसलेलं असतंच. तिथे तासाला आठ तास सहज जातात. पुण्यातल्या एका संस्थेत संशोधन इंटर्न म्हणून मी हेच करत होते. पाच-सात सेकंदांचा तुकडा ऐकायचा, थांबवायचा, टाइप करायचा, मागे जाऊन पुन्हा ऐकायचा.

हे काम इंटर्नकडे येतं, कारण ते हमालीचं समजलं जातं. विचार करणं नंतर, अहवाल लिहिताना, असा सगळ्यांचाच समज असतो. भाषेच्या अभ्यासक एलिनॉर ऑक्स यांनी 1979 साली एका निबंधात याच्या उलट मुद्दा मांडला होता. बोलणं कागदावर कसं मांडायचं, कुणाचं वाक्य कुठे ठेवायचं, काय गाळायचं, हे ठरवतानाच अभ्यासकाचा सिद्धांत कामाला लागलेला असतो, असं त्यांचं म्हणणं होतं. बीडच्या मुलाखती उतरवल्यावर मला ते शब्दशः पटलं.

2019 मध्ये बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या प्रमाणावर काढल्या जात असल्याच्या बातम्या आल्या आणि सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या 82 हजारांहून अधिक ऊसतोड बायकांचं सर्वेक्षण झालं. त्यांतल्या 13 हजारांहून अधिक जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. किती जणींची झाली हे त्यातून कळलं. एखाद्या घरात तो निर्णय कसा झाला असेल, हे कळायला मात्र सावकाश बोलावं लागतं, म्हणून मुलाखती.

ज्यांना हा व्यवहार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादम त्या जोडीला उचल देतो आणि ती रक्कम पुढचे पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची असते. एखादा दिवस कामावर गेलं नाही तर तो खाडा. त्या दिवसाची मजुरी बुडते आणि वर खाड्याचे पैसे उचलीत चढतात. बातम्यांमध्ये दिवसाला 500 रुपयांचा आकडा वारंवार आला आहे. पाळीत अंगावरून जास्त जात असलं तरी फडात जावं लागतं, ते यामुळे.

आता एका मुलाखतीतला तुकडा बघा. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

मुलाखतकार: ऑपरेशनचं कुणी सांगितलं?
उत्तरदाती: डॉक्टरनी. म्हणजे डॉक्टर म्हणले काढा…
सासू: दुखायचंच की तिला. सारखे खाडे पडायचे.
उत्तरदाती: हं. (6 सेकंद शांतता) उचल फिटना मग.

बऱ्याच ठिकाणी इंटर्नला 'स्वच्छ' उतारा करायला सांगितलं जातं. हं-हूं काढा, अर्धी वाक्यं जोडा, बोली सारखी करा, वाचायला सोपं पडेल असं लिहा. तसं केलं की हा तुकडा असा होतो: 'डॉक्टरांनी पिशवी काढायला सांगितली. खूप दुखायचं आणि खाडे पडायचे, त्यामुळे उचल फिटत नव्हती.' वाक्य नीट आहे, त्यात एकही माहिती चुकीची नाही. तरी त्यातून निघणारं चित्र खोटं आहे. दुखण्याबद्दल आणि खाड्यांबद्दल त्या बाईने एक अक्षर काढलेलं नाही, ते सासू बोलली. तिने स्वतः दोनच गोष्टी सांगितल्या, डॉक्टर आणि उचल, आणि या दोहोंच्या मधे सासू असताना सहा सेकंद ती गप्प होती. स्वच्छ उताऱ्यात दोन बायकांची मिळून एक बाई झाली, आणि ती बाई आपल्या शस्त्रक्रियेची कारणं अगदी सुसंगत सांगते आहे.

म्हणून बोलणारं माणूस बदललं की ओळ बदलायची, हा माझ्या लेखी या कामाचा पहिला नियम. सासू, नवरा, शेजारीण, जो बोलेल त्याची वेगळी ओळ, आणि आवाज कुणाचा हे कळत नसेल तर 'अनोळखी स्त्री' असं लिहायचं. अंदाजाने उत्तरदातीच्या नावावर टाकायचं नाही. शांतता तीन सेकंदांहून मोठी असेल तर सेकंद लिहायचे. शांततेचा अर्थ मात्र लिहायचा नाही. 'दुःखाने गप्प' असं कंसात लिहिणं हे उतारा करणाऱ्याचं काम नाही. कदाचित ती चुलीकडे बघत असेल. ते मुलाखतकाराच्या फिल्ड नोट्समध्ये सापडतं, आणि त्यासाठी उतारा त्याच आठवड्यात, मुलाखतकाराच्या आठवणी ताज्या असताना व्हायला हवा.

ऐकू न आलेल्या जागी वेळ टाकून 'अस्पष्ट, 14:32' असं लिहायचं. सर्वांत धोक्याच्या जागा आकड्यांच्या असतात, कारण चुकीचा आकडाही अर्थाला धरूनच बसतो. भांडी वाजत असताना साठ आणि सात यांत फरक करणं अवघड जातं, दीडशे आणि अडीचशे यांतही. अशा वेळी त्याच मुलाखतीत पुढे हिशेब कुठे आला आहे ते शोधायचं. बाई म्हणते उचल साठ हजार होती, आणि नंतर म्हणते वीस फिटले, चाळीस अंगावर राहिले, तर साठ बरोबर. हिशेब जुळत नसेल तर दोन्ही शक्यता लिहून ठेवायच्या. दुसऱ्या कुणीतरी काही मिनिटं मधूनच निवडून रेकॉर्डिंग आणि उतारा समोरासमोर ठेवून तपासावीत. आपण जे एकदा ऐकलं, तेच पुन्हा ऐकू येत राहतं, त्यामुळे स्वतःचं स्वतः तपासून पुरत नाही.

उतारे झाले की कोडिंग. म्हणजे मजकुरातल्या तुकड्यांना खुणेचे शब्द लावायचे. आमच्या कोडबुकात प्रत्येक कोडसाठी व्याख्या, तो कधी लावायचा, कधी लावायचा नाही आणि एक उदाहरण असं लिहिलेलं होतं. वरच्या तुकड्याला पहिल्यांदा सरळ तीन कोड लागले: वैद्यकीय सल्ला, खाडा, उचल. चौथा होता 'निर्णय', आणि गाडी तिथे अडली. माझ्या सहकाऱ्याने 'निर्णय: कुटुंबाचा' लावला, मी काहीच लावला नाही. माझं म्हणणं असं की निर्णय कुणी घेतला हे तिने सांगितलेलंच नाही. त्याचं म्हणणं, सासू तिच्या वतीने उत्तर देते आहे, याहून मोठा पुरावा काय हवा? दोघांचंही काही अंशी बरोबर होतं. बोलून बोलून ठरलं की निर्णयाबद्दलचं विधान आणि मुलाखतीतलं वागणं यांचे कोड वेगळे ठेवायचे. मग नवा कोड आला, 'कारण दुसऱ्याच्या तोंडून'. तो लावायचा केव्हा, तर उत्तरदातीच्या शरीराबद्दलचं कारण आधी दुसरं कुणी सांगतं तेव्हाच. तिने सांगितल्यावर दुसऱ्याने नुसती री ओढली तर नाही.

अशा मतभेदांचं मोजमापही करतात, आणि तिथे एक फसवी जागा आहे. समजा 100 तुकडे आहेत. मी एक कोड तीन तुकड्यांना लावला, सहकाऱ्याने वेगळ्याच तीन तुकड्यांना. उरलेल्या 94 तुकड्यांना दोघांनीही तो लावला नाही, म्हणून एकमत 94 टक्के निघतं. खरं तर कोड लावण्याबाबत आमचं एकदाही जुळलेलं नाही. जेकब कोहेन यांनी 1960 मध्ये मांडलेलं कापा हे माप योगायोगाने होणारं एकमत वजा करतं. या उदाहरणात ते शून्याच्याही किंचित खाली जातं. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांच्या 2006 च्या निबंधाने थीम शोधण्याची पद्धत घराघरांत, म्हणजे विभागाविभागांत पोचवली, पण त्यांच्या पद्धतीत हे माप बसत नाही. अभ्यासकाची दृष्टी ही त्यांना पुसायची अडचण वाटत नाही. मला कापाचा उपयोग एवढ्यापुरता वाटतो: कमी आला की कुठे बसून बोलायचं ते समजतं.

ब्राउन आणि क्लार्क असंही सांगतात की थीम मजकुरातून आपोआप वर येत नाहीत, त्या अभ्यासक घडवतो. हे कळण्यासाठी 'पाणी' हा कोड पुरेसा आहे. तो जवळजवळ प्रत्येक मुलाखतीत होता, कारण कोपीवरच्या, म्हणजे तोडीच्या जागी घातलेल्या झोपडीवरच्या, पाण्याबद्दल आम्ही प्रत्येकीला प्रश्नच विचारला होता. सर्वाधिक वेळा आला म्हणून त्याला थीम म्हणणं म्हणजे आपणच ठेवलेली वस्तू शोधून काढल्याचा आनंद. विषय आणि थीम यांतला फरक माझ्या मनात असा आहे की थीममध्ये एक विधान असतं, जे चुकूही शकतं. 'आरोग्य' हा विषय. 'बाईचं दुखणं घरात खाड्यांच्या भाषेत बोललं जातं' ही थीम, कारण ती खोटी ठरवणाऱ्या मुलाखती शोधता येतात. त्या सापडल्याही. ज्या बायका एकट्या बोलल्या, त्यांतल्या काहींनी दुखण्याबद्दल सविस्तर सांगितलं आणि खाड्याचं नावही काढलं नाही. म्हणजे ही भाषा बायकांची आहे की सासू-नवऱ्यासमोर बोलण्याची, हा प्रश्न उभा राहिला. थीम मोडली नाही, पण अरुंद झाली.

हा प्रश्न तपासायला आम्ही जुन्या उताऱ्यांकडे परत गेलो. सुरुवातीचे काही उतारे दुसऱ्या कुणाकडून स्वच्छ करून आलेले होते. त्यात एकच आवाज होता. सासू होती की नव्हती, कळायला मार्ग नव्हता. रेकॉर्डिंग अजून हाती होतं म्हणून ते पुन्हा उतरवता आले.

रेकॉर्डिंग नेहमी हाती असतंच असं नाही. संमतीपत्रावर आपण त्या बायकांना लिहून दिलेलं असतं की ठरावीक मुदतीनंतर आवाजाची फाइल नष्ट केली जाईल. त्यांच्या सुरक्षिततेसाठी ते पाळलंच पाहिजे, कारण गावात आवाज ओळखू येतो आणि पुढच्या हंगामात मुकादम तोच असतो. म्हणून संशोधन आखणाऱ्यांना माझी विनंती आहे. नष्ट करण्याची तारीख कोडिंग पूर्ण झाल्यानंतरची ठेवा, आणि तीच तारीख संमती घेताना बाईला सांगा. उताऱ्यासाठी तासाला चार तास धरू नका, आठ धरा. इंटर्नला फिल्ड नोट्स द्या, आणि मुलाखत कुणाच्या समोर झाली हे उताऱ्याच्या पहिल्याच ओळीत लिहायला सांगा.