एकशे बारा मिलिमीटर

दंडघेर मोजायची पट्टी तुम्ही कदाचित पाहिली नसेल. कागदासारखी पातळ, तीन रंगांची. सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाभोवती ती गुंडाळायची आणि खिडकीत कुठला रंग येतो ते पाहायचं. १२५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असेल तर हिरवा. ११५ ते १२५ च्या मधे पिवळा. ११५ च्या खाली लाल, म्हणजे तीव्र कुपोषण. ही रेषा जागतिक आरोग्य संघटनेची आहे आणि ती अगदी बारीक आहे. तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले की मूल एका यादीतून दुसऱ्या यादीत जातं.

मेळघाटातल्या एका गावात एका सोमवारी आशाताईंनी एका मुलाचा दंडघेर मोजला, तो भरला ११२. त्यांनी तो फोनमधल्या ॲपमध्ये लिहिला आणि सवयीने वहीतही लिहिला. बारा दिवसांनी महिन्याच्या बैठकीत त्यांनी त्या मुलाचं काय झालं असं विचारलं, तर यादीत ते मूलच नव्हतं. त्यांच्याच फोनमध्ये त्याचा दंडघेर १२१ दिसत होता. "मी एकशे बारा लिवलं होतं," एवढंच म्हणून त्यांनी वही पुढे केली.

ते ॲप मी लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या कुणीतरी लिहून दिलेलं होतं आणि त्याची देखभाल माझ्याकडे नुकतीच आली होती. मुलाला त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, ते आता बरं आहे. पण ११२ चे १२१ झाले कसे, हे शोधायला मला दोन दिवस लागले. पहिला संशय अर्थातच आकडे उलटे टाइप झाल्याचा होता. तो खोटा निघाला. सर्व्हरच्या लॉगमध्ये ११२ आलेलं स्पष्ट दिसत होतं. आलं होतं आणि नंतर गेलं होतं.

झालं होतं ते असं. आदल्या गुरुवारी आशाताई आणि उपकेंद्रातल्या सिस्टर, दोघींचे फोन सिंक झाले. त्या वेळी मुलाची नोंद होती: दंडघेर १२१, जन्मतारीख १ जून. सोमवारी गावात नेटवर्क नसताना आशाताईंनी ११२ लिहिलं. मंगळवारी सिस्टरनी बाळंतपणाचं रजिस्टर काढून जन्मतारीख दुरुस्त केली, १४ एप्रिल. त्यांच्याकडेही नेटवर्क नव्हतं, त्यामुळे त्यांच्या फोनला अजून जुनंच १२१ माहीत होतं. बुधवारी आशाताई रेंज मिळते त्या टेकाडावर गेल्या, त्यांची नोंद सर्व्हरवर चढली आणि मूल लाल यादीत आलं. गुरुवारी सिस्टर प्राथमिक आरोग्य केंद्रात आल्या. त्यांच्या फोनने बदललेली जन्मतारीख तेवढी पाठवली नाही, मुलाची अख्खी नोंद पाठवली. त्यात नवी तारीख होती आणि जुनं १२१ पण होतं. सर्व्हरने दोन्ही नोंदींचं `updated_at` पाहिलं. मंगळवार हा सोमवारनंतर येतो, म्हणून सिस्टरची नोंद नवी ठरली आणि ११२ पुसलं गेलं. पुढच्या सिंकला तेच १२१ आशाताईंच्या फोनमध्येही उतरलं.

दोघींनीही काही चुकीचं केलं नव्हतं. दोघींच्या स्क्रीनवर 'सिंक पूर्ण' अशी हिरवी खूण आली होती. कुठेही एरर नव्हता, ॲप बंद पडलं नव्हतं. मला या प्रकारातली हीच गोष्ट सगळ्यात वाईट वाटते. बंद पडणारं ॲप निदान ओरडतं तरी.

या पद्धतीला 'लास्ट राइट विन्स' म्हणतात. जो शेवटी लिहील तो जिंकला. लिहायला सोपी म्हणून ती सगळीकडे सापडते, आणि फोनची वॉलपेपरची निवड सिंक करायला ती पुरेशी आहे. पण 'शेवटी' कोणी लिहिलं हे सांगतं कोण? फोनचं घड्याळ. नेटवर्क नसलं की ते घड्याळ आपोआप दुरुस्त होत नाही. आमच्याकडच्या एका फोनची तारीख तीन दिवस पुढे होती, कारण घरातल्या पोराने गेममधली लाइफ लवकर मिळावी म्हणून ती ढकलली होती. (ही युक्ती तुमच्यातल्या निम्म्यांनी केली असेल, नाकारू नका.) त्या फोनवरून आलेली प्रत्येक नोंद पुढचे तीन दिवस इतर सगळ्यांना हरवत राहिली असती.

घड्याळं बरोबर असती तरी ११२ गेलंच असतं, हे मात्र लक्षात घ्या. सोमवार आणि मंगळवार दोन्ही खरे होते. सिस्टरनी बदल कधी केला, हा प्रश्नच चुकीचा होता. विचारायला हवं होतं ते हे, की बदल करताना त्यांना काय माहीत होतं? लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ साली वेगवेगळ्या यंत्रांवरच्या घटनांच्या क्रमाबद्दल एक प्रसिद्ध निबंध लिहिला, त्याचा गाभा हाच आहे. एका घटनेची खबर दुसरीपर्यंत पोहोचू शकत होती का, यावरून क्रम ठरतो. पोहोचूच शकत नसेल, तर कोण आधी आणि कोण नंतर याला अर्थ नाही. त्या दोन घटना एकमेकींच्या नकळत घडल्या, एवढंच म्हणता येतं.

व्यवहारात हे करायला फार गणित लागत नाही. सर्व्हर प्रत्येक नोंदीला आवृत्तीचा क्रमांक देतो. समजा मुलाची नोंद आवृत्ती ७ वर होती. आशाताईंची ११२ आली, ती झाली ८. सिस्टरचा फोन बदल पाठवताना सोबत सांगतो, 'मी ७ पाहून हा बदल केला.' सर्व्हरकडे आता ८ आहे. म्हणजे सिस्टरना ११२ माहीतच नव्हतं, हे एका आकड्यावरून कळलं. गाठ पडली आहे हे समजलं, तरच ती सोडवता येणार.

खरी दुरुस्ती मात्र त्याच्याही आधी होती. एकाच मुलाच्या एका ओळीत दंडघेर, वजन, जन्मतारीख, पत्ता सगळं कोंबलं होतं आणि नवं माप आलं की जुनं खोडलं जात होतं. आशाताईंची वही तशी नव्हती. वहीत प्रत्येक मापाला नवी ओळ होती: तारीख, मूल, किती भरलं. चुकलं तर त्यावर एक रेघ आणि खाली नवी ओळ. व्हॉट्सॲपचा ग्रुप आठवा. दोघांनी बोगद्यात असताना मेसेज लिहिले, तर बाहेर आल्यावर दोन्ही दिसतात. एकाने दुसऱ्याचा मेसेज पुसला असं होत नाही, कारण कुणी दुसऱ्याच्या मेसेजवर लिहीतच नाही. आम्ही तेच केलं. 'दंडघेर १२१ आहे' असं लिहून ठेवायच्या ऐवजी 'या दिवशी, या ताईंनी, या मुलाचा दंडघेर मोजला, तो ११२ भरला' अशी घटना ठेवायला लागलो. घटना बदलत नाही, फक्त नवी जोडली जाते. जन्मतारखेची दुरुस्ती हीसुद्धा एक वेगळी घटना. मग सोमवार आणि मंगळवारमध्ये भांडणच उरत नाही.

एकाच दिवशी एकीने ११२ मोजलं आणि दुसरीने ११७, तर? दोन्ही मापं राहतात. यादीत काय दाखवायचं हे प्रोग्रामरने ठरवू नये असं माझं ठाम मत आहे. आम्ही डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, शंका असेल तर लाल दाखवा आणि परत मोजा.

प्रत्येक घटनेला तिचा ओळखक्रमांक फोनवरच, लिहिण्याच्या क्षणी द्यावा लागतो. कारण टेकाडावरच्या नेटवर्कची एक खास खोड असते. नोंद सर्व्हरला पोहोचते, पण 'मिळाली' हे उत्तर परत येण्याआधी रेंज जाते. फोन बिचारा पुन्हा पाठवतो. क्रमांक सर्व्हर देत असेल तर एका मापाची दोन मापं होतात. क्रमांक फोनचा असेल तर सर्व्हर म्हणतो, ही माझ्याकडे आहे, आणि विषय संपतो.

एवढं करूनही थोडी खरी भांडणं उरतात. सिस्टर म्हणतात १४ एप्रिल, आणि त्याच आठवड्यात आशाताईंनी आईला विचारून लिहिलं १ मे. मूल एकदाच जन्मतं. इथे जोडून भागत नाही, निवडावं लागतं. काउचडीबी नावाचा डेटाबेस अशा वेळी दोन्ही आवृत्त्या जपून ठेवतो आणि सगळीकडे सारख्याच नियमाने एक विजेती ठरवतो. दुसरी फेकत नाही. पण ॲपने `_conflicts` मागितलंच नाही, तर हरलेली आवृत्ती कुणालाच दिसत नाही. जपलेली असूनही हरवलेली. खेडोपाडीच्या आरोग्य कार्यकर्त्यांसाठी बनलेलं 'कम्युनिटी हेल्थ टूलकिट' याच डेटाबेसवर उभं आहे, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नाही.

आणि दाखवायचं कसं? जुन्या ॲप्समध्ये चौकट यायची: 'तुमची आवृत्ती ठेवू की सर्व्हरची?' याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. लोक पहिलं बटण दाबून मोकळे होतात. आम्ही चौकट काढून टाकली. आता फक्त सिस्टरच्या फोनवर, उपकेंद्राच्या कामांच्या यादीत एक ओळ येते: 'जन्मतारीख कोणती? रजिस्टरप्रमाणे १४ एप्रिल, आईने सांगितलेली १ मे.' कुणी लिहिली तेही तिथे असतं. रजिस्टर सिस्टरकडेच असतं, त्या बघून सांगतात. तोवर दोन्ही तारखा राहतात. कुठल्याही एका तारखेने मूल सहा महिन्यांचं होत असलं, तरी त्याचा दंडघेर मोजायच्या यादीत येतो.

पुसणं हा सगळ्यात अवघड प्रकार. कोरकू कुटुंबं कामासाठी बाहेर जातात, अनेकजण होळीला परततात. एका फोनवर कुणी 'स्थलांतरित' म्हणून मुलाचं नाव काढलं, आणि दुसऱ्या फोनवर त्याच आठवड्यात त्या मुलाचा दंडघेर मोजला गेला, तर? नोंद खरोखर पुसली असेल तर मापाला चिकटायला मूलच नाही. म्हणून नाव काढणं हीसुद्धा घटनाच ठेवली, आणि काढणाऱ्याला न दिसलेलं माप आलं तर मूल यादीत परत येतं. कधीतरी गेलेलं मूल यादीत उगाच दिसतं. ते चालतं, ताई एक चक्कर मारून सांगतात.

ज्याचा इलाज नाही अशी एकच गोष्ट आहे. सिंक व्हायच्या आधी फोन नदीत पडला, तर नोंदी गेल्या. म्हणून हिरवी खूण काढून तिथे आकडा ठेवला: 'फोनमध्येच असलेल्या नोंदी: ३'. सर्व्हरचं उत्तर आल्याशिवाय तो कमी होत नाही.

प्रत्येक नव्या आवृत्तीआधी आम्ही दोन फोन टेबलावर ठेवतो आणि दोन्ही एअरप्लेन मोडवर टाकतो. एकावर ११२ लिहायचं, दुसऱ्यावर जन्मतारीख बदलायची, एकाची तारीख तीन दिवस पुढे करायची. मग आधी पहिला फोन ऑनलाइन आणायचा, नंतर दुसरा. पुन्हा सगळं सुरुवातीपासून, पण या वेळी दुसरा आधी. मधेच एकदा वायफाय तोडायचं. दर वेळी दोन्ही फोनवर मूल लाल यादीत दिसलं पाहिजे, तारीख १४ एप्रिल असली पाहिजे आणि ११२ एकदाच असलं पाहिजे. याला साधारण वीस मिनिटं लागतात. गेल्या महिन्यात तिसऱ्या फेरीत ११२ दोनदा दिसलं, तेव्हा ती आवृत्ती त्या आठवड्यात बाहेर गेली नाही.