एकटं जाणारं पत्र

ते एकटं जातं. मंडळाच्या सचिव त्याला सराफाच्या पेढीवर पोचवतात, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि सही घेतात आणि परततात. पुढचं सगळं त्याचं त्यालाच निभवावं लागतं. मालक ते वरवर चाळतात आणि हिशेब बघणाऱ्या धाकट्या भावाकडे सरकवतात. धाकटे बंधू विचारतात, ‘हे कोण लोक? आपल्याला यातून काय? पैसे कुणाच्या नावाने द्यायचे?’ त्या वेळी उत्तर द्यायला मंडळातलं कुणीही तिथे नसतं. पानावर जेवढं लिहिलंय तेवढंच मंडळ त्या खोलीत हजर असतं.

अशा अबोल, नीटनेटक्या पत्राचा जन्म मात्र मोठ्या गलबल्यात होतो. तालुक्याच्या गावातलं हौशी सांस्कृतिक मंडळ घ्या. दिवाळी पहाट करायची आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या गटात एका संध्याकाळी निरोपांचा पाऊस पडतो. ‘मंडळी, यंदाही धमाका करायचाय!! गायक पुण्याचे ठरले.’ त्याखाली हात जोडलेली चित्रं. ‘खर्च खूप वाढलाय, कुणाच्या ओळखीत स्पॉन्सर असतील तर बघा ना.’ ‘मी सराफांशी बोललोय, त्यांच्या नावानेच कार्यक्रम करू म्हटलं.’ ‘अरे, मी पण दुसऱ्या पेढीला तेच सांगितलंय.’ ‘चौकात मोठा फ्लेक्स लावू त्यांचा.’ ‘गेल्या वर्षी हजारभर लोक होते, ते सांगा.’ ‘८०-जी पण मिळेल म्हणावं.’ ‘माझ्या नंबरवर जी पे करायला सांगा, मी मग मंडळाला देतो.’

या बोलण्यात खोटेपणा नाही. गटातल्या माणसांना मंडळ ठाऊक आहे. गेल्या वर्षी सतरंज्या कुणी उचलल्या, तबलजीला आणायला पहाटे गाडी कुणी नेली, हे सगळ्यांनी पाहिलंय. अर्धं वाक्य टाकलं तरी उरलेलं समोरचा भरून घेतो. पत्राचा वाचक ते अर्धं भरू शकत नाही, म्हणून हे निरोप पत्रात उतरवताना नुसती भाषा सोज्वळ करून भागत नाही. ‘धमाका’ खोडून ‘भव्य कार्यक्रम’ लिहिलं, ‘बघा ना’च्या जागी ‘सहकार्य करावे ही नम्र विनंती’ घातलं, तरी पान रिकामंच राहतं. मी अशी बरीच पत्रं वाचली आहेत. ‘उज्ज्वल सांस्कृतिक परंपरा’ पहिल्या दोन परिच्छेदांत नांदते आणि कार्यक्रमाची तारीख शोधावी लागते.

या पत्राचा स्वभाव चौकशीखोर आहे. ते लिहायला बसलं की तेच मंडळाला विचारायला लागतं. हजारभर लोक म्हणजे किती? कोषाध्यक्ष वही उघडतात. शाळेच्या मैदानावर खुर्च्या ४०० मागवल्या होत्या, मागे साठ-सत्तर जण उभे होते. मग पत्रात ‘सुमारे ४५० श्रोते’ असंच जायला हवं. हा आकडा हजारापेक्षा लहान असला तरी जास्त कामाचा आहे, कारण सराफांचे धाकटे बंधू स्वतः त्या पहाटे मागच्या रांगेत बसले असण्याची शक्यता तालुक्याच्या गावात चांगलीच असते.

कार्यक्रम किती वाजता? गटावर सगळे म्हणतात, पहाटे साडेपाच, मैदानावर. पत्र इथे अडून बसतं. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सणासुदीच्या काही दिवसांपुरती राज्य सरकार देतं ती सूट रात्री १० ते १२ची असते, पहाटेची नसते. म्हणजे मैदान हवं असेल तर सहाला सुरुवात, साडेपाच हवे असतील तर बंदिस्त सभागृह. ज्या व्यापाऱ्याचं नाव मंचामागच्या पडद्यावर झळकणार, त्याला हे आधी कळायला हवं. मंडळ सभागृह निवडतं. भाडं वाढतं, पण साडेपाच टिकतात.

चौकातल्या फ्लेक्सचंही तसंच. नगरपालिकेच्या परवानगीशिवाय लावलेला फलक बेकायदा ठरतो आणि त्यावर नाव मंडळाइतकंच प्रायोजकाचंही असतं. पत्रात म्हणून चौक येत नाही. सभागृहाच्या प्रवेशद्वारावरचा फलक, मंचामागचा पडदा, निमंत्रणपत्रिका आणि निवेदकाने दोनदा घ्यायचं नाव, एवढंच येतं. आणि दोन पेढ्यांना दिलेला एकच शब्द? तो पत्र लिहिण्याआधी सोडवावा लागतो. एका व्यवसायातला एकच प्रायोजक, हा नियम ठरवून दुसऱ्या पेढीकडे सचिवांनी स्वतः जाऊन यायचं. हे पत्रावर सोपवू नये. दोन सराफ एकाच पडद्यावर आले तर पुढच्या वर्षी दोघेही येत नाहीत.

पैशाच्या बाबतीत पत्र सगळ्यात काटेकोर असतं. देणगी आणि प्रायोजकत्व हे त्याच्या लेखी दोन वेगळे व्यवहार आहेत. पेढीचं नाव पडद्यावर लावून जे पैसे घेतले, तो पेढीचा जाहिरातीचा खर्च. तो तसाच त्यांच्या हिशेबात जातो आणि त्यासाठी त्यांना संस्थेचं बिल लागतं. काहीही परत न मागता दिलेली रक्कम ही देणगी, आणि ८०-जीची करसवलत तिच्यापुरती. तीही संस्थेकडे त्याची मान्यता असेल तरच, आणि २ हजारांपेक्षा जास्त रोख दिली तर नाहीच. आपल्या मंडळाकडे ती मान्यता नसेल तर ‘८०-जी पण मिळेल’ हा निरोप पत्रात कुठल्याही रूपात येता कामा नये. मंडळाची नोंदणीच झालेली नसेल तर वर्गणी गोळा करण्याआधी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. गणेशोत्सव मंडळं ती दरवर्षी घेतात. परवानगीचा किंवा नोंदणीचा क्रमांक पत्राच्या माथ्यावर असला की ‘हे कोण लोक’चं निम्मं उत्तर तिथेच मिळतं. उरलेलं निम्मं बँक खातं देतं. ते संस्थेच्या नावाचं हवं. कोषाध्यक्ष कितीही सज्जन असले तरी त्यांच्या खासगी नंबरचा क्यूआर कोड पाहून हिशेबनीस माणूस पान बाजूला ठेवतो.

मग सगळ्यात अवघड प्रश्न, किती मागायचे? ‘जमेल ते द्या’ हे ऐकायला नम्र वाटतं, पण त्याने ओझं वाचणाऱ्यावर पडतं. हजार दिले तर कमी दिसतील का, पन्नास हजार दिले तर वेडेपणा होईल का, हे त्याने का ठरवत बसावं? आमच्या उदाहरणातल्या मंडळाचा खर्च १ लाख ८० हजार. त्यातले ८५ हजार कलाकारांचं मानधन, बाकी सभागृह, ध्वनिव्यवस्था, फराळ आणि छपाई. सभासदांची वर्गणी आणि शिल्लक मिळून ६० हजार हातात आहेत. उरले १ लाख २० हजार. एक मुख्य प्रायोजक ५० हजारांचा, चार सहप्रायोजक १५ हजारांचे आणि दोन शुभेच्छुक ५ हजारांचे, असं ते वाटून घेतलं की प्रत्येक पत्रात एकच आकडा आणि त्याचं कारण लिहिता येतं. मंडळाने आधी स्वतःचे पैसे घातलेत, हेही त्यातूनच कळतं.

एवढं सगळं विचारून झाल्यावर ते जे बोलतं, ते थोडकं असतं.

‘विषय : दिवाळी पहाट कार्यक्रमाचे मुख्य प्रायोजकत्व स्वीकारण्याबाबत.

महोदय, सप्रेम नमस्कार. आमचे मंडळ गेली सहा वर्षे शहरात दिवाळी पहाट हा गायनाचा विनामूल्य कार्यक्रम करीत आहे. गेल्या वर्षी सुमारे ४५० श्रोते उपस्थित होते. यंदाचा कार्यक्रम नरक चतुर्दशीला पहाटे ५.३० वाजता नगरपालिकेच्या सभागृहात होईल.

एकूण अपेक्षित खर्च रु. १,८०,००० असून त्यापैकी रु. ६०,००० मंडळाने उभे केले आहेत. आपल्या पेढीने रु. ५०,००० देऊन मुख्य प्रायोजक व्हावे, अशी विनंती आहे. मंचावरील पडदा, प्रवेशद्वारावरील फलक आणि निमंत्रणपत्रिका यांवर आपले नाव राहील, निवेदनात त्याचा दोनदा उल्लेख होईल आणि दीपप्रज्वलन आपल्या हस्ते होईल. सराफी व्यवसायातील अन्य प्रायोजक घेतला जाणार नाही.

धनादेश संस्थेच्या नावे द्यावा. त्याचे बिल देण्यात येईल. पुढील आठवड्यात आपल्या सोयीच्या वेळी भेटण्यास येऊ.

सोबत : नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, खर्चाचा अंदाज, गेल्या वर्षीचा जमाखर्च.’

यात ‘धमाका’ नाही, पण उत्साह सगळा शिल्लक आहे. तो सहा वर्षांत आहे, पहाटे साडेपाचला येणाऱ्या साडेचारशे माणसांत आहे. मला हे पत्र आवडतं ते या संयमासाठी. ते आर्जवं करत नाही आणि उपकारही करत नाही. दोन शेजाऱ्यांनी समोरासमोर बसून ठरवावं तसं ते बोलतं. बारकावे मात्र ते सोडत नाही. हेच पत्र डेअरीला जाताना ‘पेढी’ हा शब्द त्यात चुकून राहिला, किंवा ‘सराफी व्यवसायातील’ हे वाक्य तसंच गेलं, तर एकाच साच्यातून काढल्याचं लगेच उघडं पडतं. प्रत्येक प्रतीत नाव, आकडा आणि त्या व्यवसायापुरती एक ओळ हाताने बदलायला हवी. सहकारी बँकेच्या शाखेत दिलं तर तिथल्या व्यवस्थापकांना एवढी रक्कम मंजूर करण्याचा अधिकार असतोच असं नाही. ते मुख्य कार्यालयाकडे पाठवतात, त्यात महिना जातो.

वेळ हा पत्राचा सगळ्यात नाजूक भाग. गणपतीची वर्गणी, मग नवरात्राची, मग दिवाळीच्या जाहिराती, अशी रांग लागायच्या आधी, श्रावणात ते पोचलं तर त्याला जागा मिळते. धनत्रयोदशीच्या आठवड्यात पेढीवर गेलेलं पत्र कितीही उत्तम असलं तरी कुणी उघडत नाही. उत्तर आलं नाही तर एक फोन करावा, व्हॉट्सअ‍ॅपवर आठवणीचे निरोप धाडू नयेत. नकार आला तर त्याचेही आभार मानून यावं.

कार्यक्रम झाल्यावर पंधरा दिवसांच्या आत या पत्राचं एक धाकटं भावंड त्याच पत्त्यावर जायला हवं. आभार, पडद्यासह मंचाचे दोन फोटो आणि प्रत्यक्ष जमाखर्च. फराळावर अंदाजापेक्षा ६ हजार जास्त गेले आणि ते मंडळाने शिलकीतून भरले, हेही त्यात लिहायचं.