पेटीमागचा माणूस

देवगडच्या एका बागायतदारांची हापूसची जाहिरात मी पाहतो. हंगाम एप्रिल-मेचा, त्यामुळे चुकलेली जाहिरात सुधारायला फार तर दोन आठवडे मिळतात. म्हणून माझं निम्मं काम मार्चमध्ये, त्यांच्या ग्राहकांच्या यादीवरच चालतं.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर लुकअलाइक ऑडियन्स नावाची सोय आहे. आपल्या ग्राहकांचे फोन नंबर किंवा ई-मेल आपण चढवायचे; ते आधी हॅश होतात, म्हणजे वाचता न येणाऱ्या खुणांत बदलतात, आणि मग खात्यांशी जुळवले जातात. जी खाती जुळली, तो आपला नमुना. त्यांच्यासारखे वागणारे इतर लोक यंत्रणा शोधते. निवडलेल्या देशातली किमान १०० माणसं नमुन्यात लागतात. हजार ते पाच हजारांचा नमुना चांगला, असं कंपनी सांगते. मला मात्र संख्येपेक्षा यादीत नेमकं कोण आहे, हे महत्त्वाचं वाटतं.

एका वर्षी बागायतदारांच्या यादीत पेटी पोचवण्यासाठी घेतलेले नंबर होते. बेंगळुरूतला मुलगा पैसे भरतो आणि पेटी कोथरूडला आई-वडिलांकडे जाते, तेव्हा नंबर वडिलांचा लिहिला जातो. यंत्रणेला दिसतो तो वडिलांसारखा माणूस. खरेदी करणारा मुलगा तिच्या गावीही नसतो. रकमेचा रकाना जोडला की आणखी एक गोम निघते. ज्यानं जास्त पैसे दिले त्याला जास्त वजन देऊन नमुना करता येतो, पण इथे सर्वांत मोठ्या रकमा वाशीच्या घाऊक व्यापाऱ्यांच्या होत्या. त्यांना वगळलं नसतं, तर डझनभर आंबे घेणारं घर शोधण्याऐवजी जाहिरात व्यापाऱ्यांसारख्यांच्या मागे लागली असती. म्हणून मी पैसे भरणाऱ्यांचे नंबर वेगळे मागवले आणि निदान दोन हंगाम परत आलेल्यांचीच यादी चढवली.

आता व्याप्तीचं. इथे १ ते १० टक्के असा आकडा निवडायचा असतो. बागायतदारांना १ टक्का म्हणजे मूठभर निवडक लोक वाटले होते. पण हा टक्का आपल्या यादीचा नसतो, निवडलेल्या देशातल्या वापरकर्त्यांचा असतो. देशात ३० कोटी वापरकर्ते धरले, तर १ टक्का म्हणजे ३० लाख. त्यातला तीस लाखावा माणूस पहिल्याइतका आपल्या ग्राहकासारखा नसतोच. शिवाय विक्रीचं उद्दिष्ट ठेवलं की, जास्त ऑर्डरी मिळतील असं वाटल्यास यंत्रणा त्या टक्क्याबाहेरही जाते. त्यामुळे तो आकडा कुंपण नव्हे. भौगोलिक मर्यादा आपण घातली, तर ती मात्र पाळली जाते.

त्या वर्षी कुरिअर देशभर जात असल्यामुळे आम्ही भारत मोकळा ठेवला होता. आठवडाभरानं अहवाल प्रदेशवार फोडून पाहिला. पुणे-मुंबई अपेक्षित होतंच, पण इंदूर आणि बडोद्याहूनही ऑर्डरी आल्या होत्या. बागायतदारांनी फोन करून चौकशी केली, तर बरीच घरं मराठी निघाली. होळकर आणि गायकवाडांच्या काळापासून तिथे स्थिरावलेली ही घरं आमच्या डोक्यात कधी आलीच नव्हती. यंत्रणा ‘का’ हे सांगत नाही. भाषेचा धागा होता की आणखी काही, हे मी सांगू शकत नाही. पण ग्राहक हाताशी लागले, ते नमुन्यामुळे आणि यंत्रणेला दिलेल्या मोकळिकीमुळे.

त्याच अहवालात दुसरी बाजूही होती. काही राज्यांत जाहिरात भरपूर पाहिली गेली, क्लिकही स्वस्त पडले, पण ऑर्डर एकही नाही. क्लिकच्या दरावर समाधान मानलं असतं, तर पैसे तिथेच झिरपत राहिले असते. खरी कसोटी सोपी आहे: आलेल्या ऑर्डरीचे नंबर जुन्या यादीशी ताडून नवे किती ते पाहायचे, आणि त्या पिनकोडवर पेटी आंबा पिकण्याआधी पोचते का ते विचारायचं. जुन्या ग्राहकांची यादी मी जाहिरातीतून वगळतोच, नाहीतर आपलंच गिऱ्हाईक नवं म्हणून मोजलं जातं.

पुढच्या हंगामासाठी आम्ही इंदूर-बडोद्याचा गट वेगळा काढला. त्यांच्या दरात वाहतूक धरली आणि पेटी थोडी कच्ची भरायचं ठरवलं. ज्या राज्यांतून ऑर्डर आली नाही, ती भौगोलिक मर्यादेतून काढून टाकली.