आईंचा खोकला आणि खोलीची शांतता



पर्युषणात मुलांना ऐकवायला आमच्या सासूबाईंच्या आवाजात चंदनबालेची कथा मोबाइलवर रेकॉर्ड केली. आईंचं वय 78, दम लवकर लागतो. पुन्हा सगळं सांगा म्हणणं जिवावर आलं. कौशांबीच्या बाजाराचं वाक्य संपलं आणि त्यांना खोकला आला. तेवढाच काढायचा होता.

खोकल्याच्या जागी कोरी शांतता टाकून चालत नाही. आपल्या घरात अगदी निःशब्द असं काही नसतंच. फ्रिजची घरघर असते, रस्त्याचा मंद आवाज असतो. तो क्षणभर थांबला की फोन कट झाल्यासारखं वाटतं. म्हणून तिथे त्याच खोलीची शांतता भरायची, तिला रूम टोन म्हणतात. कथा संपल्यावर मोबाइल जागचा न हलवता सगळ्यांना गप्प बसवून मी 30 सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवली होती. पंखा कथेच्या वेळी बंद होता, तसाच बंद ठेवला.

कॉम्प्युटरवर ऑडॅसिटीत बघितलं, तर दोन वाक्यांमध्ये 2.6 सेकंद गेले होते. एरवी आई साधारण एक सेकंद थांबतात. आधीच्या शब्दाचा घुमारा पूर्ण विरल्यावर कापायला सुरुवात केली. खोकल्याआधी घेतलेला दचका श्वासही काढला, पण पुढच्या वाक्याचा श्वास राहू दिला. तो गेला तर बोलणं यंत्रासारखं वाटतं. पुढचा भाग मागे सरकवून मध्ये 0.8 सेकंदाची फट ठेवली. खालच्या ट्रॅकवर 0.9 सेकंदाचा रूम टोन असा ठेवला की दोन्ही टोकांना 0.05 सेकंद तो आईंच्या ट्रॅकवर चढेल.

मग दोन्ही ट्रॅकवर तेवढाच चढलेला भाग निवडून Crossfade Tracks लावलं, प्रकार Constant Power 1. एक आवाज उतरतो तसा दुसरा चढतो. साध्या सरळ उताराने अशी घरघर सांध्यावर किंचित बसते, या प्रकाराने ती सारखी राहते. दोन्ही टोकांना वेगवेगळं लावायचं.

रूम टोनमध्ये चिमणी किंवा भांडं वाजलेलं नको. छोटाच तुकडा परत परत जोडला तर त्याची लय कानाला कळते. घरघर कमी करायची असेल तर ती शेवटी, सगळ्या रेकॉर्डिंगवर एकसारखी; आधी केली तर ठिगळ वेगळं दिसतं.

पारख अशी: इअरफोन लावून, स्क्रीनकडे न बघता पाच सेकंद आधीपासून ऐका. सांधा कुठे आहे ते सांगता आलं नाही की झालं.

खोकला शब्दावरच आला असेल तर मात्र हा उपाय नाही. तेवढं वाक्य त्याच जागी, त्याच अंतरावरून पुन्हा म्हणून घ्यावं लागतं. आईंचा खोकला दोन वाक्यांमध्ये आला, म्हणून त्यांचा एकही शब्द गेला नाही.