भाव कमी करा हो, शेठ!

श्लेष हा शब्दाच्या दोन अर्थांवर उभा असतो. दुसऱ्या भाषेत ते दोन अर्थ बहुधा दोन निरनिराळ्या शब्दांकडे असतात आणि विनोद तेथेच कोसळतो. आजोबांच्या दुकानातील आठवणी परदेशात वाढलेल्या नातवंडांसाठी मी इंग्रजीत उतरवू लागलो, तेव्हा हे पदोपदी जाणवले.

आजोबांचा एक संवाद घरात सर्वांना पाठ आहे. गिऱ्हाईक म्हणे, “भाव कमी करा हो, शेठ!” आजोबा शांतपणे उत्तरत, “ताई, गिऱ्हाइकांविषयीचा भाव आम्ही कधीच कमी करीत नाही.” गुजराती वा हिंदीत याला अडचण नाही, तेथेही ‘भाव’ म्हणजे दर आणि मनातील भावनाही. इंग्रजीत मात्र दराला ‘प्राइस’ आणि भावनेला ‘फीलिंग’. शब्दशः भाषांतर केले तर आजोबा भलतेच काही बोलल्यासारखे वाटतात. खाली टीप दिली तर अर्थ कळतो, हसू येत नाही.

म्हणून शब्द बाजूला ठेवून मी आधी विनोदाचे काम पाहिले. तक्रार पैशाची आहे, उत्तर आपुलकीचे आहे. दर उतरत नाही आणि समोरच्याला रागावताही येत नाही. मग पैसा आणि आपुलकी दोन्ही सांगणारा इंग्रजी शब्द शोधला. ‘डिअर’ म्हणजे महाग आणि प्रियही! आता गिऱ्हाईक म्हणते, “एव्हरीथिंग हिअर इज सो डिअर!” आजोबा म्हणतात, “सो इज एव्हरी कस्टमर, मॅडम.” मूळचा एकही शब्द उरला नाही, परंतु आजोबा जसेच्या तसे राहिले. यालाही मर्यादा आहे. ‘महाग’ या अर्थी ‘डिअर’ ब्रिटनमध्ये परिचित आहे. अमेरिकेत तो फारसा बोलला जात नाही. तिकडच्या नातवासाठी दुसरा शब्द शोधावा लागेल.

‘ॲस्टेरिक्स’ या फ्रेंच चित्रकथांचे इंग्रजी अनुवादक अँथिया बेल आणि डेरेक हॉकरिज यांनी हेच केले. त्यातील कुत्र्याचे मूळ नाव इदेफिक्स. फ्रेंचमध्ये ‘ईदे फिक्स’ म्हणजे मनात घट्ट रुतलेली कल्पना. त्यांनी त्याला डॉगमॅटिक्स केले. ‘डॉगमॅटिक’ म्हणजे आपलेच मत न सोडणारा. हट्टीपणा टिकला आणि नावात ‘डॉग’ही आला, जो मुळात नव्हता. चित्रकथेत अनुवादकाचे हात अधिक बांधलेले असतात. चित्र बदलता येत नाही, संवाद त्याच फुग्यात मावावा लागतो आणि पात्र चित्रात हसत असेल तर त्या जागी हसण्याजोगे काही असावेच लागते. एखाद्या चौकटीतील कोटी साधली नाही, तर पुढे भाषेने आपणहून संधी दिली असेल तेथे नवी कोटी घालून ते अनुवादक तूट भरून काढत.

जमाखर्च असा पानापानाचा नव्हे, अखेरच्या शिलकेचा पाहायचा. अनुवाद साधला की नाही, हे ओळखायचे असेल तर तो मूळ न जाणणाऱ्याला वाचून दाखवावा. तो “म्हणजे काय?” असे विचारू लागला, तर काम अपुरे आहे.