दिंडोरी, नववीचा वर्ग

१. फेब्रुवारी. बाहेर द्राक्षतोड जोरात. फळ्यावर विषय: जिवलग मैत्रिणीलाही पासवर्ड का देऊ नये.

२. बाईंनी विचारलं, "तुमचा पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?" हात एकही वर नाही. सगळे शेजारच्याकडे बघतात.

३. पासवर्ड देण्याचं कारण बहुधा स्ट्रीक. स्नॅपचॅटवर दोघांनी एकमेकांना रोज स्नॅप पाठवला तर आकडा वाढत जातो, खंड पडला की स्ट्रीक तुटते. परीक्षा आली की घरचे फोन काढून घेतात. मग, "माझी स्ट्रीक सांभाळ ना."

४. बाईंनी फळ्यावर मांडलेलं उदाहरण. 'अ'ने 'ब'ला पासवर्ड दिला. 'ब'कडे स्वतःचा फोन नाही, ती भावाचा वापरते. त्या अँड्रॉइड फोनवर तिने 'अ'चं खातं उघडलं. फोनने विचारलं, पासवर्ड सेव्ह करू? तिने सवयीने 'हो' दाबलं. पासवर्ड गेला भावाच्या गुगल खात्यात. आता ते खातं जिथे जिथे उघडेल, तिथे तो हजर. बघायला भावाला स्वतःच्या फोनचं लॉक उघडता आलं की पुरे.
'ब'ने कोणाला काहीच सांगितलेलं नाही. इथपर्यंत कोणी वाईटही वागलेलं नाही.

५. 'अ'च्या जीमेललाही तोच पासवर्ड. ते जीमेल पप्पांच्या फोनवरचं. त्यात आधारचे फोटो, सातबारा, व्यापाऱ्याच्या पावत्या. शिवाय इन्स्टाचा 'पासवर्ड विसरलात?' वाला मेल तिथेच येतो. मेल ज्याच्या हाती, त्याला बाकीची खाती नव्या पासवर्डने उघडता येतात.

६. मागच्या बाकावरून: "बाई, टू-स्टेप लावलंय की." चांगलं केलंस. पण मैत्रिणीचा फोन येतो, "कोड आलाय बघ, सांग पटकन." तोही आपण सांगतो.

७. पासवर्ड दिला असेल तर काय करायचं? क्रम महत्त्वाचा. आधी जीमेलचा पासवर्ड बदलायचा, मग इतर खात्यांचे, प्रत्येकाचा वेगळा. नंतर गुगल खात्याच्या सुरक्षा भागात 'तुमची डिव्हाइस' बघायची आणि अनोळखी फोन साइन आउट करायचा. तोपर्यंत कोणी स्क्रीनशॉट काढले असतील तर ते मात्र परत येत नाहीत.

८. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सीखाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. वर्ग एकदम गप्प.

९. सर्वांत अवघड प्रश्न एका मुलीचा: "नाही म्हटलं तर तिला वाटेल, माझा विश्वास नाही." बाई थोडं थांबल्या. म्हणाल्या, "तिला खरं ते सांग. हा घरचा फोन आहे, यात पप्पांचं सगळं आहे, ते द्यायचा हक्क मला नाही." मला हे उत्तर फार आवडलं. यात मैत्रिणीची परीक्षा होत नाही.

१०. "पण स्ट्रीक तुटली तर?" तुटलेली स्ट्रीक परत आणायची सोय स्नॅपचॅटमध्येच आहे. हे कळल्यावर पहिल्या बाकावरच्या दोघी एकमेकींकडे वळून कुजबुजायला लागल्या.